उद्याबद्दल थोडं

चौकाच्या कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसणाऱ्या बाईला सगळे भिंगताई म्हणत. मालक म्हणायचा, गिऱ्हाइकं म्हणायची, शेजारचा कुलूपवाला म्हणायचा. तिचं खरं नाव मालकालाही पगाराच्या दिवशीच आठवत असेल. तिला त्याचं काही वाटत नसे. नाव बदलून मिळालं तरी काम तेच होतं आणि काम तिला मनापासून आवडत होतं.

काम म्हणजे भिंगांच्या कडा घासायच्या, ती फ्रेममध्ये बसवायची आणि मग तो चष्मा त्या माणसाच्या तोंडावर नीट बसेपर्यंत त्याचा पिच्छा सोडायचा नाही. लोकांना वाटतं, नंबर बरोबर आला की झालं. तसं नसतं. नाकावर चष्मा जरा खाली सरकला तर लांबचं आणि जवळचं एकत्र असलेल्या भिंगातला वाचायचा भाग गालावर उतरतो. मग माणूस हनुवटी वर करून, नाक उडवून वाचायला लागतो आणि घरचे म्हणतात, हल्ली यांचा तोरा फार वाढलाय. अशी तोऱ्याची माणसं भिंगताई रस्त्यातून चालताना ओळखायची. तिच्या पर्समध्ये एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि चिमट्याएवढी पक्कड कायम असे. लग्नसमारंभात, दवाखान्यात, बसमध्ये, कुठेही ती लोकांचे चष्मे उतरवून घ्यायची. मावशी म्हणायची, "एक दिवस मार खाशील."

तिची आणखी एक सवय होती आणि ती इथे सांगून ठेवायला हवी. चष्मा बसवून झाला की वाचून बघायला दुकानात एक छापील पुठ्ठा असतो, लहानमोठ्या अक्षरांचा. भिंगताई तो कधी वापरत नसे. तिचं म्हणणं, पुठ्ठा सगळ्यांनाच वाचता येतो, पाठच होतो तो. "तुम्ही रोज जे वाचता ते काढा," ती सांगायची. मग कुणी औषधाची बाटली काढायचं, कुणी मोबाइल. ते वाचता आलं म्हणजे चष्मा पास.

आईवडील लहानपणीच गेलेले. मावशीने वाढवलं, आणि दोघी अजून एकाच घरात भांडत सुखाने राहत होत्या. मावशी शिवणकाम करायची आणि जगात कुणाचंच तिला पटत नसे. पण भिंगताईला एक गोष्ट मावशीलाही सांगता आली नव्हती. कुणाला तरी आई म्हणून हाक मारायची तिची फार इच्छा होती. या वयात असलं काही बोलायची लाज वाटते, म्हणून ती बोलत नसे. पण इच्छा होती, आणि गेली दोन वर्षं तिला पालवी फुटली होती.

त्याचं कारण नकाशेवाला. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत तो कामाला होता. चष्म्याची दांडी मोडली म्हणून दुकानात आला आणि नंतर दांडी शाबूत असतानाही येत राहिला. शांत माणूस. आवाज चढवणं नाही, घाई नाही, आणि प्रत्येक गोष्टीआधी त्याचा एक मेसेज यायचा. तिची दाढ काढायची होती तेव्हा आदल्या दिवशी त्याने लिहिलं होतं की सुई टोचेल तेव्हा दुखेल, नंतर फक्त ओढल्यासारखं वाटेल, संध्याकाळी गाल सुजेल आणि ते बरोबरच आहे. झालंही अगदी तसंच. भिंगताई खुर्चीत जराही घाबरली नाही. तिला वाटलं, असा माणूस जवळ असला की आयुष्यात एकदम अंगावर काही येणार नाही.

मावशीने तो मेसेज वाचून विचारलं होतं, "हा मुलगा आहे का हवामान खातं?"

दोन वर्षं झाली तरी आईवडिलांकडे न्यायचं नाव तो काढत नव्हता. "त्यांचा स्वभाव जरा वेगळा आहे," एवढंच म्हणायचा. भिंगताईने कधी टुमणं लावलं नाही. पण मावशीने लावलं, आणि मावशीचं टुमणं म्हणजे शिलाई मशीन, थांबत नाही. शेवटी एका रविवारचं ठरलं. शनिवारी संध्याकाळी भिंगताई दुकानाचं शटर ओढत होती तेव्हा फोन वाजला.

"उद्याबद्दल थोडं," असं वर लिहून त्याने पुढे लिहिलं होतं. "घाबरवायला नाही, तयारी म्हणून. आपण चारला पोचू आणि तासाभरात निघू. पहिल्या भेटीला तेवढं पुरे. घरात फक्त आई आणि बाबा असतील. दोघंही अबोल आहेत. बाबा तर जवळजवळ बोलतच नाहीत, तेव्हा गप्प बसले तर ती पोकळी तू भरू नकोस. आई चहा देईल आणि बहुतेक आतच राहील. तुझं काम, मावशी, असं काही विचारतील असं वाटत नाही. विचारलं नाही म्हणजे आवडली नाहीस असा अर्थ काढू नकोस, त्यांची पद्धतच ती. एका भेटीत काहीही ठरत नसतं, त्यामुळे पास-नापास असं मनात आणू नकोस. काही आणायचं असेल तर साधी फळं आण. मी तुझ्याजवळच बसेन. मी 'उद्या लवकर उठायचंय' म्हणालो की आपण निघायचं, आणि तुला निघावंसं वाटलं तर तू पाणी माग, मी समजेन. गार वागले तर मनाला लावून घेऊ नकोस. ते तुझ्याबद्दल नसतं."

तिने तो मेसेज शटरला टेकून तीनदा वाचला. किती विचार केलाय याने, असं तिला वाटलं. किती वाजता, किती वेळ, कोण असेल, काय विचारतील, बाहेर कसं पडायचं. एकही खोटा दिलासा नाही. आवडशीलच तू त्यांना, असलं गोडगोड काही नाही. तरी तिने एक प्रश्न विचारलाच. "आणि त्यांना माझ्याबद्दल काय सांगितलंयस?"

"त्यांनाही असंच लिहिलंय," उत्तर आलं. "म्हणजे कुणाचीच फजिती नको."

मावशीने रात्री जेवताना तो मेसेज ऐकला आणि घास हातात धरून म्हणाली, "सगळं ठीक आहे. पण यात 'मला फार आनंद होतोय' असं कुठेच नाही गं."

"तो तसा लिहीत नाही."

"बरं," मावशी म्हणाली. तिचं बरं हे कधीच बरं नसतं.

रविवारी ती दोघं तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घराच्या दारात उभी राहिली. भिंगताईच्या हातात सफरचंदांची पिशवी होती. आईने दार उघडलं, आणि उघडताना तिचा चेहरा असा काही उजळला की भिंगताईचे हात आपोआप पुढे झाले. मग आईला काहीतरी आठवल्यासारखं झालं. तिने चेहरा आवरला, "या," म्हणाली आणि पिशवी घेऊन आत गेली. अबोल आहेत, भिंगताईने स्वतःला सांगितलं. पद्धतच ती.

बाबा खुर्चीत ताठ बसले होते, शाळेत ग्रुप फोटोला बसवतात तसे. हात गुडघ्यांवर. नकाशेवाल्याने ओळख करून दिली, त्यांनी मान हलवली. मग कुणीच काही बोललं नाही. भिंगताईने ती पोकळी भरली नाही. सांगितलेलं होतं. तिने खोली बघितली. कपाटावर बसच्या तिकिटांचं जुनं पितळी पंचिंग मशीन घासूनपुसून ठेवलेलं होतं.

"हे कुणाचं?" न राहवून तिने विचारलं.

"माझं!" बाबा खुर्चीतून जवळजवळ उडालेच. "कंडक्टर होतो ना मी. या मशीनची एक गंमत सांगतो. एकदा एक माणूस बकरी घेऊन चढला आणि म्हणाला, हिचं अर्धं तिकीट..."

"बाबा," नकाशेवाला हळूच म्हणाला.

बाबा जिथे होते तिथेच थांबले. बकरी बसच्या पायरीवरच राहिली. "असो," ते म्हणाले आणि हात पुन्हा गुडघ्यांवर ठेवले. भिंगताईला चमत्कारिक वाटलं. बोलायला न आवडणारा माणूस असा थांबत नाही. जिभेवर आलेलं गिळताना माणसाचा गळा कसा हलतो ते तिने अगदी जवळून पाहिलं होतं. पण तिने मनाची समजूत घातली, म्हणजे खरं तर शनिवारीच घालून ठेवलेली समजूत पुन्हा बाहेर काढली.

चहा आला. आई आत न राहता समोर येऊन बसली, पण अगदी कडेला. दोनदा तिने तोंड उघडून मिटलं. एकदा म्हणाली, "मावशी एकट्याच असतील ना आत्ता घरी?" आणि लगेच मुलाकडे बघून जीभ चावली. म्हणजे त्यांना मावशी माहीत होती. विचारायचंही होतं. भिंगताईने रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. पाणी मागावंसं वाटलं, पण पाणी मागितलं असतं तर निघावं लागलं असतं, आणि तिला निघायचं नव्हतं. ही बाई तिला पहिल्या क्षणापासून आवडली होती.

कप घेऊन नकाशेवाला स्वयंपाकघरात गेला. विसळूनच ठेवतो म्हणाला. आईचा फोन वाजला. तिने तो लांब धरला, हनुवटी वर केली, नाक उडवलं, आणि भिंगताईला राहवेना.

"काकू, चष्मा नवा का?"

"नवा कसला, डोक्याला ताप. महिना झाला, अक्षर दिसत नाही. नंबर चुकलाय मेला."

"नंबर नाही चुकला. खाली उतरतोय. द्या इकडे."

आणि मग त्या घरात प्रथमच सगळ्यांना मोकळं वाटलं. भिंगताईने पर्समधून पक्कड काढली, नाकावरच्या पॅडच्या तारा जरा जवळ घेतल्या. दांड्यांची टोकं चहाच्या उरलेल्या गरम पाण्यात धरून मऊ केली आणि आईच्या कानामागे बोट फिरवून बघत तेवढीच वळवली. "डावा कान जरा वर आहे तुमचा," ती म्हणाली. "आयुष्यभर कुणी सांगितलं नाही मला!" आई म्हणाली. बाबा मोठ्याने हसले. आई डोळे मिटून बसली होती, तिचा चेहरा भिंगताईच्या दोन्ही तळहातांत होता. त्या क्षणी भिंगताईला जे वाटलं ते तिने पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही.

"आता वाचून बघा."

बाबांनी पेपर पुढे केला. "पेपर नको," भिंगताई एक सैल स्क्रू आवळत म्हणाली. "त्याची अक्षरं मोठी. रोज वाचता ते वाचा. मोबाइलच घ्या."

"अगं, पेपरच वाच ना," बाबा एकदम घाईने म्हणाले. पण आईला आता उत्साह आला होता. तिने फोन हातात घेतला, हनुवटी खाली तशीच, आणि चेहऱ्यावर लहान मुलीसारखं हसू आलं. "दिसतंय! अगं बाई, सगळं दिसतंय! हा बघ, याचाच कालचा मेसेज. मला दिसत नव्हतं म्हणून यांनी वाचून दाखवला, म्हणजे चार शब्द सांगितले. बघू तरी काय होतं सगळं." आणि शाळेतल्यासारखं बोट ठेवून ती मोठ्याने वाचू लागली.

"'उद्याबद्दल थोडं. काळजीचं काही नाही, तयारी म्हणून. ती चारला येईल, तासभर बसेल. मुलगी चांगली आहे. पण फार जवळीक दाखवू नका, नाहीतर तिला वाटेल पुढचं ठरलं. तिचं काम, मावशी, काही विचारू नका. बाबांनी गप्पा आवराव्यात.'"

"अगं, पुरे," बाबा म्हणाले.

आईचं बोट पुढे सरकत होतं. अक्षरं लागत होती त्या आनंदात अर्थ तिच्यापर्यंत एक ओळ मागून येत होता. "'तिकडची नोकरी नक्की झाली, पुढच्या महिन्यात निघायचंय. हे तिला अजून सांगितलेलं नाही. तुमच्याकडून गारवा दिसला तर ती आपणहून समजेल की इथे जमणार नाही, आणि माघार घेईल. म्हणजे कुणालाच वाईट व्हावं लागणार...'"

स्वयंपाकघराच्या दारात नकाशेवाला उभा होता. हातांवरून पाणी गळत होतं. "उद्या लवकर उठायचंय," तो म्हणाला.

कुणीच हललं नाही. ही खूण भिंगताईसाठी होती. तिने उठायचं होतं. तिने स्क्रू-ड्रायव्हर डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं आणि बसून राहिली.

"उद्या लवकर उठायचंय," तो पुन्हा म्हणाला, तितक्याच शांतपणे.

"कुठे जायचंय उठून?" आईने विचारलं. "नोकरीचं मला माहीत होतं. हिला माहीत नाही हे नव्हतं माहीत." ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही वाचलं होतं हे?"

बाबांची मान खाली गेली. "मला वाटलं, आपण ठरवणारे कोण."

भिंगताई बोलली तेव्हा तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मला लिहिलं होतंस की दोघंही अबोल आहेत. बाबा जवळजवळ बोलतच नाहीत."

"मी?" बाबांचं डोकं वर झालं. "मी अबोल? अख्खी बस मला सांगायची, आता गप्प बसा म्हणून!" हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले. त्या खोलीत हसण्यासारखं काहीतरी होतं आणि हसायला कुणीच नव्हतं.

"मी तुला सांगणारच होतो," नकाशेवाला म्हणाला. "हळूहळू. तुला एकदम धक्का बसू नये म्हणून. आपण शांतपणे बोलू."

"धक्का मला बसू नये म्हणून नाही," भिंगताई म्हणाली. "मी आरडाओरडा करीन तेव्हा तू समोर नसावास म्हणून. त्यांनी मला कसंही वागवलं तरी मी गप्प घरी जावं, ही समजूत तू माझ्याकडूनच घालून घेतलीस. आणि वाईट कुणाला केलंस? यांना. या बाईला दार उघडताना हसू आलं होतं रे. तू ते पुसायला लावलंस."

त्याने तोंड उघडलं. तिने जन्मात पहिल्यांदा त्याला शब्द सापडत नसताना पाहिलं, आणि त्याचाही तिला आनंद झाला नाही. दोन वर्षं आपण ज्याला काळजी समजत होतो ती काळजी नव्हती, एवढंच तिला कळत होतं. दाढेच्या मेसेजचीसुद्धा आता शंका यायला लागली होती, आणि ते सगळ्यात जास्त लागलं.

ती उठली. आई दारापर्यंत आली. तिने चष्मा काढून हातात धरला होता, जसा काही त्याचाच गुन्हा. "मी तुला काहीच विचारलं नाही गं," ती म्हणाली. "किती विचारायचं होतं."

"चष्मा घाला, काकू," भिंगताई म्हणाली. "आता उतरणार नाही." आई म्हणायचं तिने तोंडापर्यंत आणलं होतं. ते तिथूनच परत गेलं.

खाली रस्त्यावर रविवारची पोरं सायकली फिरवत होती. कोपऱ्यापर्यंत ती ताठ चालली. मग फोन वाजला. तिला वाटलं, मावशी. मावशी नव्हती.

"पोचलीस की कळव," त्याने लिहिलं होतं. "आत्ता राग येणं साहजिक आहे. पहिले दोन-तीन दिवस जड जातील, झोप नीट लागणार नाही. मग हळूहळू..."

पुढचं तिने वाचलं नाही. दाढ काढायची होती तेव्हाही असंच होतं, सुई, मग ओढल्यासारखं, मग सूज. याने तिच्या रडण्याचाही नकाशा काढून पाठवला होता. तिने तो मेसेज पुसून टाकला, आणि मावशीला लिहायला घेतलं. "मी घरी येतेय. एकटीच. लगेच काही विचारू नकोस, मी आपणहून सांगेन. काळजीचं..."

तिचा अंगठा थांबला. हे तिचं बोलणं नव्हतं, त्याचं होतं. तिने एकेक अक्षर मागे घेतलं, पार कोरं होईपर्यंत, आणि मग लिहिलं, "मावशी, त्याने मला फसवलं गं. दोन वर्षं. मला खूप त्रास होतोय."

मेसेज गेला न गेला तोच फोन वाजला. मावशीने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "कुठे आहेस? तिथंच थांब, मी रिक्षा करून येते," ती ओरडली, आणि भर रस्त्यात, सायकलवाल्या पोरांसमोर, भिंगताई मोठ्याने रडायला लागली.